कचऱ्याचा मासिक डॅशबोर्ड: चार्टच्या आधी छेद बघा

प्रश्न: "बडोद्यात एका वॉर्ड ऑफिसात कॉन्ट्रॅक्टवर कॉम्प्युटरचं काम करतो. ऑफिसर साहेबांना दर महिन्याच्या मीटिंगसाठी कचऱ्याचा डॅशबोर्ड हवाय, एक्सेलमधेच, चार्ट आणि टार्गेट सकट. वजनाच्या पावत्या, गाड्यांचे रूट, तक्रारींची लिस्ट सगळं आहे. वीस-बावीस चार्ट बनवले पण साहेब म्हणतात यातून काही कळत नाही. काय ठेवू आणि काय काढू?"

साहेब बरोबर बोलतायत, राग मानू नका. वॉर्ड ऑफिसरच्या हातात महिन्याअखेर मोजक्याच गोष्टी असतात. एखादा रूट बदलणं, एखाद्या सुपरवायझरला बोलावून विचारणं, एखाद्या सोसायटीला किंवा हॉटेलला नोटीस देणं आणि वर जादा गाडी मागणं. जो चार्ट बघून यातलं काहीच करता येत नाही तो कितीही देखणा असला तरी काढून टाका. मी स्वतः चारच आकडे ठेवतो: रोजचे टन, वेगळा करून आलेला कचरा किती टक्के, किती पॉइंटवर गाडी पोचली, आणि तक्रारी वेळेत मिटल्या का. बाकीचं साहेबांनी विचारलं तर मागच्या शीटवर असतंच.

मी या कामात बरीच वर्षं काढलीत, सुरुवात वजनकाट्यावर पावत्या फाडण्यापासून झाली आणि नंतर रिपोर्ट बनवण्यावर आलो, म्हणून सांगतो की चार्ट हा शेवटचा अर्धा तास असतो, खरी गोची आकड्याच्या खाली काय आहे त्यात असते. म्हणजे शाळेतला छेद. वरचा आकडा सगळे बघतात, खालचा कोणी बघत नाही. मी खाली जास्त करून वजन आणि वेगळा कचरा या दोनावरच बोलतो, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथे होते. आणि एक आधीच सांगतो, तुमच्या गाड्या कुठल्या काट्यावर तोलल्या जातात आणि ओला-सुका एकाच गाडीत फळी घालून येतो की वेगवेगळ्या गाड्यांत, यावर बरंच अवलंबून आहे. मी फळीवाली छोटी गाडी धरून चाललोय, कारण वॉर्डातल्या घरोघरच्या फेऱ्या बहुतेक त्याच करतात.

पहिली गोष्ट, महिन्याचे एकूण टन चार्टवर लावू नका. सोपं उदाहरण घ्या, आकडे समजण्यापुरते घेतलेत. जानेवारीत ६८२ टन उचलले, फेब्रुवारीत ६३० टन. बार चार्ट लावला की फेब्रुवारीचा बार खाली दिसतो आणि मीटिंगमधे पहिला प्रश्न येतो, "बावन्न टन कमी का झाले, गाड्या बंद होत्या काय?" आता दिवसांनी भागा. जानेवारी ३१ दिवस, रोजचे २२ टन. फेब्रुवारी २८ दिवस, रोजचे साडेबावीस टन. म्हणजे कचरा उलट थोडा वाढलाय! निम्मी मीटिंग त्या खोट्या उतारावर वाया जाते, हे मी कितीदा बघितलंय.

पण दिवसांनी भागताना कॅलेंडरचे दिवस घ्यायचे की ज्या दिवशी खरंच गाड्या फिरल्या ते दिवस? माझं मत, दोन्ही काढून ठेवा पण चार्टला कॅलेंडरचे दिवस लावा, कारण लोक कचरा रोजच करतात, गाडी आली नाही तरी. गाड्या फिरलेले दिवस वेगळ्या कॉलममधे असले की एखाद्या महिन्यात ३० ऐवजी २६ च दिवस पावत्या दिसतात आणि मग विचारता येतं की चार दिवस गाडी बंद होती की पावत्या कुठे ड्रॉवरमधे पडून राहिल्या. बहुतेक वेळा पावत्याच निघतात.

आता शीटची मांडणी. चार टॅब करा: Data, Monthly, Dashboard आणि एक Notes. Data मधे एका फेरीची एक ओळ, बस. महिन्याचा वेगळा टॅब करू नका, मी बारा टॅबवाल्या फायली बघितल्यात, प्रत्येकात कॉलमचा क्रम वेगळा आणि बेरीज करताना जीव जातो. कॉलम असे: A तारीख, B गाडी नंबर, C रूट, D पावती नंबर, मग E, F, G मधे तीन वजनं.

तीन वजनं का, ते नीट सांगतो, कारण इथेच सगळा खेळ आहे. काटा पूर्ण गाडी तोलतो, फळीच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय हे त्याला कळत नाही. भरलेली गाडी तोलली आणि रिकामी तोलली तर एकूण कचरा मिळतो, ओला किती आणि सुका किती हे मिळत नाही. ते हवं असेल तर गाडी तीनदा काट्यावर चढावी लागते: भरलेली, ओला भाग रिकामा केल्यावर, आणि पूर्ण रिकामी. समजा पहिलं वजन १८६० किलो, ओला ओतल्यावर १४७०, पूर्ण रिकामी १२३०. मग ओला ३९० किलो, सुका २४०, एकूण ६३०. पुढचे कॉलम शीटच भरते, H मधे एकूण, I मधे ओला, J मधे सुका:

```
H2:  =E2-G2
I2:  =IF(F2="","",E2-F2)
J2:  =IF(F2="","",F2-G2)
K2:  =IF(A2<>A1,1,0)
```

गाडी मिक्स कचरा घेऊन आली असेल तर मधलं वजन होतच नाही, F रिकामा राहतो, आणि I, J सुद्धा रिकामे. तिथे शून्य भरू नका हं, F मधे शून्य भरलं तर ओला १८६० किलो आणि सुका उणे १२३० असं काहीतरी अचाट येईल. K हा कॉलम नव्या तारखेच्या पहिल्या ओळीवर १ टाकतो, म्हणजे त्याची बेरीज म्हणजे गाड्या फिरलेले दिवस, फक्त Data तारखेप्रमाणे सॉर्ट केलेला हवा.

आता खरी अडचण. गर्दीच्या वेळी दुसरं वजन कोणी करत नाही. मागे लाइन लागलेली असते, ड्रायव्हरला पुढची फेरी मारायची असते, मग ऑपरेटर काय करतो, एकूण वजन घेतो आणि साठ टक्के ओला, चाळीस टक्के सुका असं मनाने वाटून टाकतो. कागदावर १०० टक्के वेगळा कचरा! हे पकडायचं कसं? सुका भागिले एकूण हा आकडा फेरीवार काढून त्यावर नुसती नजर फिरवा. खऱ्या आयुष्यात तो हलतो, सोमवारी वेगळा, रविवारी वेगळा, बाजाराच्या रूटवर वेगळा, सोसायटीच्या रूटवर वेगळा. सलग पन्नास ओळींत ०.४० च ०.४० दिसला तर समजा की दुसरं वजन झालेलंच नाही. एक मात्र लक्षात ठेवा, वजनाच्या शेवटी शून्य किंवा पाच असणं हा पुरावा नाही. काटे बहुतेक पाच किंवा दहा किलोच्या टप्प्याने दाखवतात, त्यामुळे ते तसंच येणार. माझ्या एका सहकाऱ्याने शेवटचं शून्य बघून ऑपरेटरवर आरोप केला होता आणि मग आम्हाला माफी मागायला लागली होती, चहा वेगळा.

तुमच्याकडे रोज तीन वजनं शक्यच नसतील तर खोटे टक्के रोज दाखवण्यापेक्षा महिन्यातला एक आठवडा पक्का करा, सगळ्या रूटच्या सगळ्या गाड्यांचं तीनदा वजन त्या सात दिवसांत, आणि Dashboard वर आकड्याखाली स्पष्ट लिहा, "एका आठवड्याच्या वजनावरून". अशा वेळी भागायचंही त्याच आठवड्याच्या एकूण किलोने, अख्ख्या महिन्याच्या नाही. तो आठवडा ड्रायव्हरांना आधी सांगू नका आणि दर महिन्याला बदला. आणि हेही लक्षात असू द्या की हा आकडा फक्त वेगळा होऊन आला की नाही इतकंच सांगतो. ओल्याच्या बाजूला प्लास्टिकच्या थैल्या किती हे तो सांगत नाही. त्यासाठी आठवड्यातून एकदा एखाद्या गाडीच्या ओल्यातून शंभरेक किलो बाजूला काढून त्यातलं प्लास्टिक वगैरे निवडून तोलावं लागतं. घाणीचं काम आहे पण अर्ध्या तासात कळतं की कुठल्या रूटवरचे लोक नुसतं दोन डबे ठेवतात आणि आत काहीही टाकतात.

पुढे टक्के काढायची पद्धत. इथे बहुतेक सगळे चुकतात. रूटवार टक्के काढले, मग त्यांची सरासरी घेतली, झाला वॉर्डाचा आकडा. चूक! समजा एका सोसायटीच्या रूटवर २ टन कचरा आणि ९५ टक्के वेगळा, दुसऱ्या, बाजार आणि पोळ म्हणजे जुन्या शहरातल्या अरुंद गल्ल्या मिळून असलेल्या रूटवर १० टन आणि ५५ टक्के वेगळा. सरासरी केली तर ७५. खरं काय आहे? वेगळा आला १.९ आणि ५.५ मिळून ७.४ टन, एकूण १२ टन, म्हणजे ६२ टक्के. तेरा टक्क्यांचा फरक, आणि तो बहुतेक वेळा चांगल्याच बाजूला पडतो कारण छोटे, नीटनेटके रूट आकड्याला वर ओढतात. म्हणून Monthly मधे आधी किलोची बेरीज, भागाकार सगळ्यात शेवटी. टक्क्यांची सरासरी कुठेही घ्यायची नाही, तिमाहीला पण नाही, वर्षाला पण नाही.

Monthly मधे A कॉलमात महिन्याची पहिली तारीख टाका, नाव टाइप करू नका, फॉरमॅटने "जाने २५" असं दाखवा. मग पाचव्या ओळीपासून:

```
B5:  =SUMIFS(Data!$H:$H,Data!$A:$A,">="&$A5,Data!$A:$A,"<"&EDATE($A5,1))
C5:  =DAY(EOMONTH($A5,0))
D5:  =IF(B5=0,NA(),B5/C5/1000)
```

B एकूण किलो, C दिवस, D रोजचे टन. E मधे I आणि J ची बेरीज याच पद्धतीने, H च्या जागी कॉलम बदलून, आणि F मधे `=IF(B5=0,NA(),E5/B5)`. तो NA() मुद्दाम आहे. पुढचे महिने अजून आलेले नसतात, तिथे शून्य आलं की लाइन चार्ट सप्टेंबरनंतर धाडकन जमिनीवर आपटतो आणि बघणाऱ्याला वाटतं काम बंद पडलं. NA() असलं की लाइन तिथेच थांबते. Dashboard वर मोठ्या अक्षरात आकडा दाखवायचा तिथे मात्र IFERROR लावून "अजून नाही" असं दाखवा, साहेबांसमोर #N/A शोभत नाही.

यात तारखा तुम्हाला एकदा तरी रडवतील, म्हणून थोडं थांबतो. दोन जणांनी डेटा भरला, एकाच्या कॉम्प्युटरची सेटिंग महिना-दिवस अशी होती, तर ३ फेब्रुवारी टाइप केलेलं २ मार्च होऊन बसतं, आणि १५ फेब्रुवारी तर महिना पंधरावा नसल्यामुळे तारीखच होत नाही, नुसता मजकूर राहतो. मजकूर झालेली तारीख सेलमधे डावीकडे चिकटलेली दिसते, SUMIFS तिला गुपचूप सोडून देतं, कुठे एरर नाही, काही नाही, फक्त टन कमी. म्हणून Monthly च्या खाली एक चेक ठेवा:

```
=SUM(Data!H:H)-SUM(B5:B16)
```

Data मधे जे बारा महिने आहेत तेच इथे असतील तर हे शून्यच यायला पाहिजे. नाही आलं तर तेवढे किलो कुठल्याच महिन्यात पडलेले नाहीत. पण ज्या तारखा उलट्या होऊन दुसऱ्या महिन्यात गेल्या त्या या चेकला सापडत नाहीत, त्यांच्यासाठी गाड्या फिरलेले दिवस बघा: फेब्रुवारी भरत असतानाच पुढच्या मे, जून, ऑगस्टमधे एकेक दोन-दोन दिवस उगवलेले दिसतात. तारखेच्या कॉलमला डेटा व्हॅलिडेशन लावून आजच्या पुढची तारीख घेऊच नका म्हटलं की यातलं बरंचसं जागेवरच थांबतं.

आता रिकाम्या गाडीच्या वजनाची गोष्ट, ही माझ्यावरच आलेली. जिथे मी होतो तिथल्या काट्याच्या कॉम्प्युटरमधे प्रत्येक गाडीचं रिकामं वजन एकदा साठवून ठेवलेलं असायचं, परत परत तोलायला नको म्हणून. एका महिन्यात रोजचे टन वाढले, फेऱ्या तितक्याच. आधी वाटलं लग्नसराई आहे. मग मी गाडीवार एका फेरीमागे किती किलो हे काढलं, तर तीन गाड्या एका ठराविक तारखेपासून साठेक किलोने जड झालेल्या, बाकीच्या जशाच्या तशा. त्या तारखेला त्यांच्या मागे नवीन लोखंडी डबे बसवले होते आणि कॉम्प्युटरमधे मात्र जुनंच ११७० किलो, खरं १२३०. म्हणजे प्रत्येक फेरीत साठ किलो लोखंड आम्ही कचरा म्हणून मोजत होतो. एका गाडीच्या रोज तीन फेऱ्या धरल्या तर महिन्याला ५.४ टन, आणि अशा बारा गाड्या असत्या तर जवळपास ६५ टन. छोट्या गाडीत एका फेरीला सहाशे-सातशे किलोच येतात, त्यात साठ म्हणजे दहा टक्क्यांची चूक. म्हणून गाडीवार किलो प्रति फेरी हा पिव्होट मागे ठेवाच, Dashboard वर नको, पण दर महिन्याला पाठवायच्या आधी तुम्ही स्वतः बघा. एकाच गाडीचा आकडा एका तारखेपासून पायरीसारखा वर किंवा खाली गेला तर वजनात गडबड, सगळ्याच गाड्यांचा हळूहळू गेला तर कचरा खरंच बदललाय. पावसाळ्यात सगळ्या गाड्या जड होतात, कचरा भिजतो म्हणून, त्याला घाबरू नका.

तोच कचरा दोनदा मोजला जात नाही ना, हेही एकदा तपासा. छोटी गाडी ट्रान्सफर स्टेशनवर तोलली, मग तिथून मोठी गाडी प्लांटवर गेली आणि तिथे परत तोलली, दोन्ही पावत्या तुमच्या लिस्टमधे आल्या तर टन डबल. वॉर्डासाठी छोट्या गाडीचीच पावती धरा. अरुंद पोळीत गाडी जात नाही तिथली हातगाडी ज्या गाडीत ओतली जाते तो रूट तिचा, वेगळी ओळ नको.

टार्गेटकडे येतो. सगळ्यात आधी, टनांना टार्गेट लावू नका. जास्त कचरा उचलला म्हणजे चांगलं की वाईट? वाढला तर कदाचित उकिरडे साफ झाले, कदाचित कोणीतरी बांधकामाचा मलबा घरोघरच्या गाडीत भरतोय. ज्याला टनावर पैसे मिळतात त्याला टनाचं टार्गेट दिलं की विटा आणि माती यायला लागते, हे सांगायला नको. टनांच्या चार्टवर टार्गेटच्या लाइनऐवजी मागच्या वर्षीची लाइन फिकट राखाडी रंगात ठेवा, तेवढं पुरतं.

टार्गेट लागतं ते टक्क्यांना. ते कुठून आणायचं? कॉन्ट्रॅक्टमधे किंवा वरच्या ऑफिसच्या आदेशात असेल तर तेच, त्यात आपलं डोकं चालवायचं नाही. नसेल तर मागच्या तीन महिन्यांचा मधला आकडा घ्या, समजा ५८, ६२, ६१ असे आले तर ६१, आणि पुढच्या तिमाहीसाठी त्यात चार-पाच टक्के वाढवा. एकदम ९० लिहिलं की पहिल्या महिन्यापासून सगळं लाल, आणि जे कायम लालच असतं ते लोक बघणं सोडून देतात. आणि वर सांगितलेला तीन वजनांऐवजी साठ-चाळीसचा हिशोब सुरू होतो तो याच दबावातून.

टार्गेट एका सेलमधे ठेवून सगळ्या महिन्यांना जोडू नका. मी असं करून तोंडघशी पडलोय. एप्रिलमधे टार्गेट वाढलं, मी तो एक सेल बदलला, आणि मागच्या जानेवारी-फेब्रुवारीत जे हिरवं होतं ते रातोरात लाल झालं, जुने प्रिंट आणि नवीन फाइल जुळेनात. Monthly मधे प्रत्येक महिन्याशेजारी G कॉलमात टार्गेट सरळ हाताने टाइप करा, टक्क्याच्या चिन्हासकट, म्हणजे 61% असं, नाहीतर F शी तुलना चुकते. गावठी वाटतं पण बारा आकडे भरायला एक मिनिट लागतं, आणि जुना महिना त्याच्या त्या वेळच्या टार्गेटवरच मोजला जातो. चार्टमधे F एक लाइन, G दुसरी तुटक लाइन, टार्गेट बदललं तिथे तुटक लाइन चढताना दिसते आणि कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

चार्ट किती? दोन. एक टनांचा, एक टक्क्यांचा, दोन्ही सलग तेरा महिन्यांचे, म्हणजे मागच्या वर्षीचा तोच महिना डावीकडच्या टोकाला दिसतो. (तेरा महिन्यांसाठी Monthly च्या ओळी तेवढ्या वाढवा, चेकचा रेंज पण.) टक्क्यांचा अक्ष शून्य ते शंभर असा हाताने पक्का करा, एक्सेल स्वतःहून ५८ ते ६४ असा घेतं आणि एका टक्क्याची हालचाल डोंगरासारखी दिसते. स्पीडोमीटर, पाय चार्ट, थ्री-डी, सगळं काढा. पॉइंट आणि तक्रारी यांना चार्ट लागतच नाही, या महिन्याचा आकडा, मागचा आकडा, टार्गेट आणि शेजारी एक शब्द, झालं.

तो शब्द महत्त्वाचा आहे. मीटिंगला साहेब झेरॉक्स घेऊन जातात, रंगीत नाही. तुमचा लाल आणि हिरवा तिथे दोन सारखे राखाडी होतात. म्हणून रंग असू दे, पण सेलमधे "मागे" किंवा "ठीक" असं लिहून आलं पाहिजे:

```
=IF(F5>=G5,"ठीक","मागे")
```

तक्रारींचं उलटं आहे, उशिरा मिटलेल्या तक्रारी कमी म्हणजे चांगलं, तिथे चिन्ह फिरवा. मी तर "वेळेत मिटलेल्या किती टक्के" असंच मांडतो म्हणजे सगळीकडे जास्त म्हणजे चांगलं राहतं आणि चिन्ह फिरवायची भानगड नको. फक्त "मिटली" कोण म्हणतंय ते बघा, ज्याच्यावर तक्रार त्यानेच बंद केलेली असेल तर दहा तक्रारदारांना महिन्यातून फोन करून बघा. पॉइंटच्या बाबतीत पण छेदच तपासायचा: यादीत ४२०० पॉइंट आणि ४१०० वर गाडी गेली म्हणजे ९८ टक्के, छान, पण यादी दोन वर्षं जुनी असेल आणि मधे तीन नव्या सोसायट्या उभ्या राहिल्या असतील तर त्या घरांना या आकड्यात जागाच नाही. वेराबिलाच्या म्हणजे घरपट्टीच्या यादीशी वर्षातून एकदा ताडून बघा.

Dashboard च्या खालच्या अर्ध्या भागात चार्टऐवजी एक छोटा तक्ता द्या, वेगळ्या कचऱ्यात सगळ्यात मागे असलेले तीन रूट, त्यांचे टन, टक्के आणि सुपरवायझर. साहेबांची नजर आधी तिथेच जाणार, बघा तुम्ही, कारण फोन तिथूनच लावता येतो. पण अगदी छोटा रूट असेल, दिवसाला पाव-अर्धा टनाचा, तर त्याचे टक्के एका गाडीने वर-खाली होतात, त्यामुळे अमुक टनाच्या वरचेच रूट त्या तक्त्यात घ्या. किती ते तुमच्या वॉर्डावर आहे, मी साधारण रोजचा एक टन धरतो.

Notes टॅब आळस न करता भरा. महिना, काय झालं, एवढे दोनच कॉलम. आपल्याकडे ऑगस्ट २०२४ च्या शेवटी विश्वामित्रीचा पूर आला, पाणी उतरल्यावर गाद्या, सोफे, भिजलेले कपडे, धान्य, चिखल सगळं रस्त्यावर आलं. ते महिने डेटामधून काढू नका, ते खरेच उचललेत. पण सप्टेंबर २०२५ ची तुलना सप्टेंबर २०२४ शी केली तर कचरा "घटला" असं दिसणार आणि कोणीतरी त्याचं श्रेय पण घेणार. त्या महिन्यांवर चार्टमधे एक छोटा टेक्स्ट बॉक्स, "पूर", एवढं लावा, आणि टार्गेटचा मधला आकडा काढताना ते धरू नका.

दिवाळीचं पण तसंच, ती महिना बदलते. २०२३ ला १२ नोव्हेंबरला होती, २०२४ ला ऑक्टोबरच्या शेवटी, २०२५ ला २० ऑक्टोबरच्या सुमारास, आणि घरं साफ करून जुनं सामान बाहेर काढणं त्याच्या आधीचे पंधरा दिवस चालतं. त्यामुळे ऑक्टोबरला ऑक्टोबरशी जोडू नका, ऑक्टोबर-नोव्हेंबर दोन्हीचे किलो एकत्र, दोन्हीचे दिवस एकत्र, आणि मग भागा. उत्तरायणाची गंमत वेगळी, पतंगाचे कागद आणि दोरा गल्लीभर असतो पण वजनात काहीच दिसत नाही. तिथे तक्रारींचा आकडा बोलतो, टन नाही.

हे सगळं उभं करायला तुम्हाला दोन दिवस लागतील, जुना डेटा साफ करायला कदाचित दोन आठवडे, तेव्हा साहेबांना आधीच तसं सांगून ठेवा. पहिला प्रिंट द्यायच्या आदल्या दिवशी एक काम करा, कुठलीही एक गाडी आणि कुठलाही एक दिवस निवडा, त्या दिवसाच्या तिच्या सगळ्या कागदी पावत्या हातात घ्या आणि Data मधल्या ओळींशी एकेक नंबर लावून बघा. पावत्या चार आणि ओळी पाच निघाल्या तर प्रिंट थांबवा, आणि ती पाचवी ओळ कुठून आली ते आधी शोधा. माझ्याकडे पहिल्यांदा ती कॉपी-पेस्टमधून आली होती, आणि तशा त्या महिन्यात एकशे चाळीस निघाल्या.